कार्नो चक्र: उष्णतेतून किती काम निघू शकते

कोळशावर चालणाऱ्या ५०० मेगावॉटच्या एका वीजनिर्मिती संचाचा उष्णतेचा जमाखर्च साधारण असा असतो. संच पूर्ण भाराने चालत असताना तासाला सुमारे ३२० टन भारतीय कोळसा भट्टीत जळतो आणि त्यातून १,३१० मेगावॉट इतक्या दराने उष्णता मिळते. त्यातली १७० मेगावॉट धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूंबरोबर, कोळशातल्या ओलाव्यामुळे आणि इतर किरकोळ वाटांनी निघून जाते. उरलेली १,१४० मेगावॉट बॉयलरमधल्या पाण्यात आणि वाफेत शिरते. टर्बाइन आणि जनित्र तिच्यातून ५०० मेगावॉट वीज काढतात. बाकीच्या ६४० मेगावॉट उष्णतेचे काय होते? ती कंडेन्सरमधल्या थंड पाण्याला दिली जाते आणि कूलिंग टॉवरच्या तोंडातून हवेत जाते. म्हणजे विजेपेक्षा जास्त ऊर्जा जाणूनबुजून, त्यासाठी खास यंत्रणा उभारून, फेकून दिली जाते.

हे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कंडेन्सर हीच सगळ्यात मोठी गळती वाटते. वाफेचे पुन्हा पाणी करण्याऐवजी तिच्यातली उरलेली उष्णताही टर्बाइनमध्येच वापरली तर काय बिघडले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर वीजघरे उभी राहण्याच्या कितीतरी आधी, १८२४ मध्ये, पॅरिसमधल्या एका तरुण लष्करी अभियंत्याने शोधले होते. त्याचे नाव सादी कार्नो.

कार्नोच्या काळात वाफेचे इंजिन शंभर वर्षांहून जुने झाले होते. न्यूकोमेनचे खाणीतले पाणी उपसणारे इंजिन १७१२ चे. जळालेल्या कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम शंभरावा भाग त्याच्या कामी येत असे. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडले आणि हा खर्च बराच उतरवला. पुढे इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या खाणींवर जास्त दाबाची इंजिने आली आणि कार्यक्षमता आणखी वाढली. मात्र या सुधारणा अनुभवातून, करून पाहून झालेल्या होत्या. कुणी वाफेऐवजी मद्यार्काची वाफ वापरावी म्हणे, कुणी नुसती हवा. यातले कोणते बरे आणि ही सुधारणा कुठपर्यंत जाऊ शकते, हे सांगणारा सिद्धांत कुणाजवळच नव्हता.

कार्नोला दिशा सापडली ती घरातूनच. त्याचे वडील लाझार कार्नो हे फ्रेंच राज्यक्रांतीतले मोठे नाव, पण ते गणिती आणि यंत्रशास्त्रज्ञही होते. पाणचक्कीतून जास्तीत जास्त काम मिळवायचे तर पाणी चाकावर आपटता कामा नये आणि चाक सोडताना त्याच्यात वेग उरता कामा नये, असे त्यांनी दाखवले होते. मुलाने हाच विचार उष्णतेला लावला. पाणी जसे उंचावरून खाली येताना चाक फिरवते, तशी उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाताना इंजिन चालवते. म्हणून नुसती उष्णता असून भागत नाही, तिला जायला थंड जागाही हवी. पाणी आपटल्याने जसे पाणचक्कीचे नुकसान होते, तसे इंजिनाचे नुकसान कशाने होते? उष्णता गरम वस्तूतून थंड वस्तूत थेट शिरली की. तापमानातला असा प्रत्येक फरक कामी लावता आला असता. तो नुसता बुजून गेला तर ते काम कायमचे हातचे जाते. यावरून आदर्श इंजिनाची अट तयार झाली. इंजिनातला वायू ज्याच्याकडून उष्णता घेतो किंवा ज्याला देतो, त्याच्याच तापमानाला तो त्या वेळी असला पाहिजे, आणि त्याचे तापमान बदलायचे ते उष्णतेच्या देवघेवीने नव्हे, तर केवळ प्रसरणाने किंवा दाबून. ही अट पाळणारे चक्र म्हणजे कार्नो चक्र.

हे चक्र प्रत्यक्ष आकड्यांत पाहिले की नीट उलगडते. एका सिलिंडरमध्ये एक मोल, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम, हवा आहे. वर दट्ट्या आहे. गरम साठा ६०० केल्विनचा (३२७ अंश सेल्सिअस) आणि थंड साठा ३०० केल्विनचा (२७ अंश) धरू. सुरुवातीला हवा ६०० केल्विनला आहे, तिचे आकारमान ४ लीटर आणि दाब वातावरणाच्या सुमारे १२ पट आहे.

पहिल्या टप्प्यात सिलिंडर गरम साठ्याला टेकवून दट्ट्या अगदी सावकाश वर जाऊ दिला जातो. प्रसरण पावणारी हवा एरवी गार झाली असती, पण साठ्यातून तिला उष्णता मिळत राहते आणि तिचे तापमान ६०० वरच टिकते. आकारमान ४ लीटरवरून ८ लीटर होते. या काळात हवेने ३,४५७ ज्यूल उष्णता घेतली आणि तेवढेच काम दट्ट्याला दिले. समतापी प्रसरण म्हणतात ते हे.

दुसऱ्या टप्प्यात साठा काढून घेतला जातो आणि सिलिंडर सर्व बाजूंनी उष्णतारोधक आवरणात बंद होतो. हवा अजून प्रसरण पावते, पण आता तिला कुठूनही उष्णता मिळत नाही. ती काम करते ते स्वतःची आंतरिक ऊर्जा खर्चून, आणि म्हणून गार होत जाते. अशा प्रसरणाला अॅडियाबॅटिक प्रसरण म्हणतात. तापमान ६०० वरून ३०० वर येईपर्यंत आकारमान सुमारे ४५ लीटर झालेले असते आणि दाब वातावरणाच्या जवळपास निम्मा. या टप्प्यात मिळालेले काम ६,२३६ ज्यूल, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट.

इथे थांबता आले असते तर प्रश्नच नव्हता. आतापर्यंत कुठेही उष्णता फेकलेली नाही आणि काम भरपूर मिळाले आहे. पण दट्ट्या आता वर जाऊन बसला आहे. इंजिनाला पुन्हा तेच काम करायचे तर हवा जिथून निघाली तिथे, त्याच आकारमानाला आणि त्याच तापमानाला, परत आली पाहिजे. ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत नेली तर मिळालेले सगळे काम परत द्यावे लागेल. म्हणून परतीची वाट वेगळी, कमी दाबाची हवी, आणि दाब कमी ठेवायचा तर हवा थंड असताना दाबली पाहिजे.

तिसऱ्या टप्प्यात सिलिंडर थंड साठ्याला टेकवून हवा ४५ लीटरवरून साडेबावीस लीटरपर्यंत दाबली जाते. दाबताना हवेत उत्पन्न होणारी उष्णता थंड साठ्यात जाते आणि तापमान ३०० वर स्थिर राहते. लागणारे काम १,७२९ ज्यूल, बाहेर गेलेली उष्णताही तितकीच. कंडेन्सरची जागा चक्रात इथे आहे. चौथ्या टप्प्यात सिलिंडर पुन्हा आवरणात बंद करून हवा दाबत न्यायची, म्हणजे ती ४ लीटरला पोचते तेव्हा बरोबर ६०० केल्विन झालेली असते. यासाठी ६,२३६ ज्यूल लागतात. दुसऱ्या टप्प्यात मिळाले ते इथे पूर्ण फिटले.

हिशेब असा होतो: घेतलेली उष्णता ३,४५७ ज्यूल, टाकलेली १,७२९, निव्वळ काम १,७२८, कार्यक्षमता ५० टक्के. आवरण, दट्ट्या, साठे सगळे निर्दोष असूनही निम्मी उष्णता थंड साठ्यात गेली.

याहून चांगले चक्र कुणी योजले तर? कार्नोचे मोठेपण या प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्याच्या चक्रात उष्णता कुठेही तापमानाच्या फरकातून घसरत नाही, त्यामुळे ते उलटेही चालते. बाहेरून काम पुरवले तर तेच यंत्र थंड साठ्यातून उष्णता उचलून गरम साठ्यात टाकते. घरातला फ्रिज आणि एसी करतात ते हेच. आता समजा, कुणी त्याच दोन साठ्यांवर चालणारे ६० टक्के कार्यक्षमतेचे इंजिन बनवले. ते गरम साठ्यातून १,००० ज्यूल घेईल, ६०० ज्यूल काम देईल आणि ४०० ज्यूल थंड साठ्यात टाकेल. त्या ६०० पैकी ५०० ज्यूल काम उलट्या कार्नो यंत्राला द्यायचे. ते थंड साठ्यातून ५०० ज्यूल उचलून गरम साठ्यात १,००० ज्यूल परत टाकेल. गरम साठा जिथल्या तिथे आला. थंड साठ्यातून १०० ज्यूल उष्णता गेली आणि तिचे १०० ज्यूल काम झाले. बाकी जगात कशातच बदल नाही. अशी जोडी हाताशी असती तर जहाजाला इंधन लागले नसते. समुद्राच्या पाण्यातून उष्णता काढून घेत ते हवे तितके चालले असते.

असे होत नाही, होऊ शकत नाही, हाच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम. एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन, दुसरा काहीही परिणाम मागे न ठेवता, ती पूर्णपणे कामात बदलणारे चक्राकार यंत्र असू शकत नाही, असे विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५१ मध्ये मांडले. रूडोल्फ क्लॉसियसने त्याआधी वर्षभर तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने धरली होती: दुसरा काहीही बदल न होता उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही. वरच्या उदाहरणात उरलेले १०० ज्यूल काम घर्षणाने गरम साठ्यात मुरवले तर नेमके तेच घडते. म्हणून दोन्ही विधानांपैकी एक मोडले की दुसरेही मोडते. या युक्तिवादात हवेचा उल्लेखही कुठे येत नाही. इंजिनात वाफ असो, हवा असो की मद्यार्क, दोन ठरावीक तापमानांमध्ये चालणाऱ्या सर्व आदर्श इंजिनांची कार्यक्षमता एकच, आणि तिच्या पलीकडे कुणीही जाऊ शकत नाही.

कार्नोचा स्वतःचा युक्तिवाद मात्र थोडा वेगळा होता, कारण तो उष्णतेला एक अविनाशी द्रव मानून चालला होता. त्याच्या मते वरून जेवढी उष्णता येई तेवढीच खाली जाई, पाणचक्कीतल्या पाण्यासारखी. हे चुकीचे होते. काम झाले की तेवढी उष्णता खर्ची पडते, हे ज्यूलच्या १८४० च्या दशकातल्या प्रयोगांनी पक्के केले. कार्नो तोवर हयात नव्हता. १८३२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो कॉलऱ्याने वारला. त्याच्या पुस्तकाची फारशी कुणी दखल घेतली नव्हती. क्लापेरॉनने १८३४ मध्ये ते विचार दाब आणि आकारमानाच्या आलेखावर मांडले म्हणून ते टिकले. आज पाठ्यपुस्तकात दिसते ती चार वक्रांची आकृती तिथून आली. थॉमसन १८४५ मध्ये पॅरिसमध्ये मूळ पुस्तक शोधत हिंडला, तर त्याला एकही प्रत मिळाली नाही. पुढे १८७८ मध्ये कार्नोची मागे राहिलेली टिपणे त्याच्या भावाने प्रसिद्ध केली. त्यांवरून दिसले की उष्णता हा द्रव नसून गतीचाच एक प्रकार आहे, या निष्कर्षावर तो स्वतःच आला होता. किती कामाला किती उष्णता, याचा अंदाजही त्याने केला होता. विज्ञानाच्या इतिहासातल्या चुटपुट लावणाऱ्या गोष्टींत ही नक्कीच येते.

कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर अवलंबून असेल, तर उलट तिच्यावरूनच तापमान ठरवता येईल, हे थॉमसनच्या लक्षात आले. पाऱ्याचा किंवा हवेचा तापमापक त्या त्या पदार्थाच्या स्वभावाने बांधलेला असतो, कार्नो इंजिन नसते. दोन साठ्यांच्या तापमानांचे गुणोत्तर म्हणजे आदर्श इंजिनाने घेतलेल्या आणि टाकलेल्या उष्णतांचे गुणोत्तर, अशी व्याख्या करून निरपेक्ष तापमानश्रेणी तयार झाली. तिचे एकक म्हणजे केल्विन. तिच्यावर कार्नोची मर्यादा एका ओळीत मावते:

η = 1 − T₂/T₁

यात T₁ हे गरम साठ्याचे आणि T₂ हे थंड साठ्याचे तापमान, दोन्ही केल्विनमध्ये. सेल्सिअसचे आकडे घालून हे सूत्र वापरणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. तसे केले तर वरच्या उदाहरणात ५० ऐवजी ९२ टक्के येतात. शंभर टक्के कार्यक्षमता हवी तर थंड साठा निरपेक्ष शून्याला, उणे २७३ अंशांना, ठेवावा लागेल.

क्लॉसियसने याच गुणोत्तरातून आणखी एक राशी वेगळी काढली. वरच्या चक्रात ३,४५७ ला ६०० ने भागले आणि १,७२९ ला ३०० ने भागले, तर दोन्हीकडे ५.७६ येतात. उष्णतेची रक्कम निम्मी झाली, पण उष्णता भागिले तापमान हे जेवढे आत आले तेवढेच बाहेर गेले. या राशीला त्याने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले. गरम साठ्यातून उष्णता घेतली की तिच्यासोबत एन्ट्रॉपी येते. दट्ट्याने किंवा फिरत्या दांड्याने दिलेल्या कामासोबत मात्र ती जात नाही. चक्र पूर्ण होताना इंजिनात ती साठून राहता कामा नये, नाहीतर ते मूळ स्थितीला आलेच नाही असा अर्थ होतो. ती नष्टही करता येत नाही. मग एकच वाट उरते: उष्णतेसोबत ती थंड बाजूला बाहेर टाकणे. थंड बाजूला तापमान कमी असल्यामुळे तेवढीच एन्ट्रॉपी थोड्या उष्णतेत बाहेर जाते, आणि जी उष्णता टाकावी लागली नाही तेवढेच काम. एन्ट्रॉपी नष्ट होत नाही, पण नव्याने निर्माण होऊ शकते. घर्षणाने, वायूच्या घुसळण्याने आणि मुख्य म्हणजे उष्णता गरमाकडून थंडाकडे नुसती वाहिल्याने ती वाढते. अशी वाढलेली एन्ट्रॉपीही शेवटी थंड बाजूलाच टाकावी लागते, आणि तिच्यासाठी जास्तीची उष्णता सोडावी लागते.

ही दृष्टी घेऊन ५०० मेगावॉटच्या संचाकडे परत पाहिले की त्या ६४० मेगावॉटचा अर्थ बदलतो. टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ सुमारे ५४० अंशांची, म्हणजे ८१३ केल्विनची असते. कंडेन्सर ४० अंशांचा, ३१३ केल्विनचा धरू. सूत्राने मर्यादा ६१ टक्क्यांहून थोडी जास्त येते. प्रत्यक्षात वाफेला मिळालेल्या १,१४० मेगावॉटमधून ५०० निघतात, म्हणजे ४४ टक्के. ही तफावत टर्बाइनच्या पात्यांमुळेच असेल असे वाटते, पण मोठे कारण वेगळे आहे. बॉयलरमध्ये सगळी उष्णता ५४० अंशांना आत जात नाही. पाणी साधारण अडीचशे अंशांना आत येते, साडेतीनशे अंशांच्या आसपास उकळते, आणि ५४० अंश हे वाफेचे केवळ अखेरचे तापमान असते. सरासरी काढली तर उष्णता आत जाते ती सुमारे ६५० केल्विनला. तेव्हा वाफेने घेतलेली एन्ट्रॉपी १,१४० भागिले ६५०, म्हणजे दर केल्विनला १.७५ मेगावॉट. ती ३१३ केल्विनला बाहेर टाकायची तर जवळजवळ ५५० मेगावॉट उष्णता सोडावीच लागते. कंडेन्सरमधल्या ६४० पैकी ५५० मेगावॉट ही अशी सक्तीची आहे. ती सोडू नये अशी टर्बाइन कुणीच बनवू शकणार नाही. टर्बाइनमधले घर्षण, गळती आणि इतर दोष यांच्या वाट्याला उरलेली ९० मेगावॉट येते.

पण ५५० चा आकडा इतका मोठा का, हे विचारायला हवे. भट्टीतली ज्वाला १,५०० अंशांची, सुमारे १,७७३ केल्विनची धरली, तर तीच १,१४० मेगावॉट उष्णता ज्वालेपाशी किती एन्ट्रॉपी घेऊन निघते? दर केल्विनला ०.६४ मेगावॉट. ३१३ केल्विनला टाकायची तर २०० मेगावॉट पुरले असते. बाकीची सगळी वाढ बॉयलरच्या नळ्यांपाशी झाली, जिथे उष्णता १,५०० अंशांवरून वाफेच्या तापमानावर एका उडीत आली. या उडीत एक ज्यूलही हरवत नाही, म्हणून ऊर्जेच्या नुसत्या जमाखर्चात ती दिसतच नाही. काम करण्याची क्षमता मात्र साडेतीनशे मेगावॉटने घटलेली असते. खरी मोठी गळती कूलिंग टॉवरवर दिसते तिथे नसून भट्टीत आहे. टॉवरवर फक्त तिचे बिल चुकते होते.

मग कार्नो चक्रावरच चालणारे यंत्र का बांधत नाहीत? एक कारण वरच्याच आकड्यांत आहे. चार टप्प्यांत हवेने एकूण ९,६९३ ज्यूल काम दिले आणि ७,९६५ ज्यूल परत घेतले. हाती राहिला तो दोघांतला लहानसा फरक. देताना ५ टक्के आणि घेताना ५ टक्के घर्षणात गेले असे धरले, तर निव्वळ काम १,७२८ वरून ८४५ ज्यूलवर येते आणि कार्यक्षमता ५० वरून २४ टक्क्यांवर. वाफेच्या संचात ही अडचण नसते, कारण वाफेचे पाणी होऊन मगच ते पंपाने बॉयलरमध्ये ढकलले जाते आणि द्रव दाबायला काम फारच थोडे लागते. कंडेन्सरची ही दुसरी, फारशी न सांगितली जाणारी कामगिरी. दुसरे कारण वेळेचे आहे. हवा आणि साठा एकाच तापमानाला असतील तर उष्णता वाहण्यास काही कारणच नसते. ती वाहते ती अनंत सावकाश. म्हणजे आदर्श इंजिन कार्यक्षम असते, पण त्याची शक्ती शून्य असते. वेगाने काम हवे तर तापमानाचा फरक ठेवलाच पाहिजे, आणि फरक ठेवला की एन्ट्रॉपी वाढणार.

ही तडजोड कर्झन आणि अॅलबोर्न यांनी १९७५ मध्ये एका सोप्या प्रतिमानात गणिताने मांडली. इंजिनातून जास्तीत जास्त शक्ती काढायची ठरवली तर कार्यक्षमतेच्या सूत्रात तापमानांच्या गुणोत्तराऐवजी त्याचे वर्गमूळ येते. इंग्लंडमधल्या वेस्ट थरॉक वीजकेंद्राची तापमाने ५६५ आणि २५ अंश घेतली तर कार्नोची मर्यादा ६४ टक्के येते, या सूत्राने ४० टक्के, आणि प्रत्यक्षातली कार्यक्षमता होती ३६ टक्के. कार्नोच्या मर्यादेसारखी ही अभेद्य सीमा नाही. वेगळ्या रचनेचे संच तिच्या पुढे जाऊ शकतात. वास्तवातले इंजिन साधारण कुठे घुटमळते, एवढे मात्र ती बऱ्यापैकी सांगते.

कार्यक्षमता वाढवण्याच्या वाटा त्यामुळे दोनच: खालचे तापमान उतरवणे किंवा वरचे चढवणे. खालचे तापमान हवापाण्याच्या हाती असते. ४० अंशांना वाफेचे पाणी होत असेल तर कंडेन्सरमधला दाब वातावरणाच्या चौदाव्या भागाइतका असतो, आणि वीजकेंद्रातले कर्मचारी या निर्वाताकडे, त्यांच्या बोलीत व्हॅक्यूमकडे, डोळ्यांत तेल घालून पाहतात. उन्हाळ्यात कंडेन्सर ५० अंशांवर गेला की दाब आठव्या भागापर्यंत चढतो. वरच्या हिशेबाने दर अंशामागे १.७५ मेगावॉट, म्हणजे दहा अंशांत सुमारे १७ मेगावॉट हातचे जातात. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या विदर्भातल्या केंद्रांना मे महिन्यात हे भोगावे लागते. व्हॅक्यूम उतरला की कारण शोधण्याची रीत ठरलेली आहे. टॉवरकडून येणारे पाणीच गरम असेल तर दोष हवेचा किंवा टॉवरचा. पाणी नेहमीसारखे असून बाहेर पडणारे पाणी आणि वाफ यांच्या तापमानातले अंतर वाढले असेल, तर नळ्यांत क्षार किंवा शेवाळ बसले आहे किंवा आत हवा शिरली आहे. या दोघांतला फरक दाब सांगतो. वाफेच्या तापमानाला जेवढा दाब असायला हवा त्याहून तो जास्त भरला, तर बाहेरची हवा कुठल्यातरी सांध्यातून आत येते आहे.

वरचे तापमान धातूच्या हाती असते. सहाशे अंशांच्या आसपास दाबाखाली असलेले पोलाद वर्षानुवर्षे हळूहळू ताणत जाते. म्हणून कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचांसारखे सुपरक्रिटिकल संच दाब पाण्याच्या क्रांतिक दाबापलीकडे नेतात. तिथे पाणी एका ठरावीक तापमानाला उकळत थांबत नाही आणि उष्णता सरासरीने जास्त तापमानाला आत जाते. कमाल तापमान थोडेच वाढते, तरी फायदा मिळतो तो या सरासरीमुळे.

मोठी उडी घेतली ती गॅस टर्बाइनने. तिच्यात ज्वालेचे वायूच थेट पात्यांवर सोडतात. नळीच्या भिंतीतून उष्णता नेण्याचा टप्पाच नाही. पाती आतून हवा खेळवून थंड ठेवतात, म्हणून आधुनिक टर्बाइनमध्ये शिरणारे वायू १,५०० अंशांच्या घरात असू शकतात. बाहेर पडतानाही ते सहाशे अंशांच्या आसपास असतात, आणि वाफेचा संच सुरू होतो तो नेमका तिथून. उरणच्या वायू विद्युत केंद्रात अशी जोडणी आहे: गॅस टर्बाइनचा गरम उत्सर्ग वाफ तयार करतो आणि ती वाफ दुसरी टर्बाइन फिरवते. वरच्या यंत्राने उष्णतेतले ३८ टक्के घेतले आणि उरलेल्या ६२ मधून खालच्याने ३५ टक्के काढले, तर एकूण जवळपास ६० टक्के होतात. जगातले उत्तम संयुक्त संच या आकड्याच्या थोडे पुढे गेले आहेत. १,५०० आणि ४० अंशांमधली कार्नोची मर्यादा ८२ टक्के आहे. मधले अंतर ज्वलनात, पाती थंड ठेवण्याच्या हवेत आणि दोन यंत्रांच्या मधल्या नळ्यांपाशी विभागलेले असते. तिथेही उष्णता जितक्या कमी फरकाने पुढे सरकवावी, तितके नळ्यांचे क्षेत्रफळ आणि त्यांचा खर्च वाढत जातो.